उशीच्या अभ्र्यावरचे बॉबल : तिसऱ्या आठवड्याची नोंद

अभ्र्याच्या पुढच्या भागासाठी क्रोशाने विणलेला पहिला नमुना मी उसवला. त्यातील निम्मे बॉबल, म्हणजे एकाच टाक्यात अनेक खांब घालून केलेले फुगे, सुलट बाजूला टपोरे दिसत होते, उरलेले मात्र खळगा पडावा तसे आत बसले होते. चार पदरी सुती दोरा आणि ३.५ मिमीची सुई मी बदललेली नाही, कारण दोष त्यांचा नव्हताच.

नमुना २७ टाक्यांचा आहे. पहिली ओळ सुलट बाजूने संपूर्ण मुक्या खांबांची, म्हणजे ठेंगण्या टाक्यांची आहे. दुसऱ्या ओळीत, म्हणजे उलट बाजू आपल्याकडे असताना, आधी ३ मुके खांब घालून पुढे ‘१ बॉबल, ३ मुके खांब’ हा क्रम सहा वेळा येतो. तिसरी ओळ पुन्हा साधी आहे. चौथ्या ओळीत १ मुका खांब, १ बॉबल, मग ‘३ मुके खांब, १ बॉबल’ सहा वेळा आणि शेवटी १ मुका खांब घातला की सात बॉबल खालच्या सहांच्या मधोमध येतात.

पहिल्या प्रयत्नात मी काही बॉबल सुलट बाजूच्या ओळीत विणले होते, आणि आत बसलेले बॉबल नेमके तेच होते. एकाच टाक्यात पाच अपुरे खांब, म्हणजे शेवटचा वेढा न घेता सोडलेले उंच टाके घालून, सुईवरचे सहाही फास एका वेढ्यात बंद केले की तयार होणारा फुगा विणणाऱ्याकडे न येता पलीकडे जातो. त्यामुळे बॉबलची ओळ उलट बाजूनेच विणावी लागते. तो फुगतो तो शेजारच्या टाक्यांमुळे. खांब उंच आणि शेजारचे मुके खांब ठेंगणे असल्याने खांबांना सरळ उभे राहायला जागा उरत नाही आणि ते वाकून बाहेर येतात. हेच बॉबल मी खांबांच्या ओळीत घालून पाहिले, तेव्हा ते जवळपास सपाट पडले.

दिशा सुधारल्यावरही आकार एकसारखे नव्हते, आणि या आठवड्याचा बहुतेक वेळ त्यातच गेला. बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले की पाच खांबांपैकी पहिला मी आखूड काढत होते आणि शेवटचे दोन घाईने लांब ओढत होते. टाक्यात सुई घालून दोरा वर काढताना जो फास तयार होतो, त्याच्या उंचीवर खांबाची उंची ठरते. म्हणून आता प्रत्येक फास मुक्या खांबाच्या माथ्यापर्यंत आणून मगच पुढचा वेढा घेते. सहा फास बंद झाल्यावर बोटाने फुगा पलीकडे ढकलते आणि लगेच पुढचा मुका खांब जरा आवळून घालते. हा टाका सैल राहिला की बॉबलची मान सैल होते आणि तो एका बाजूला कलतो.

बंद करण्यासाठी एक साखळी घालण्याची पद्धतही करून पाहिली. बॉबल घट्ट बसतो, परंतु तिसऱ्या ओळीत मी साखळी आणि बॉबलचा माथा या दोन्हींत टाके घातल्यामुळे २७ चे ३३ टाके झाले आणि कडा लाटेसारख्या झाल्या. साखळी घालायचीच असेल तर दोहोंपैकी एकाच जागी टाका घ्यावा, आणि सर्व बॉबलांना तोच नियम लावावा. मी साखळी सोडून दिली.

पॉपकॉर्न हा दुसरा फुगीर टाका अजून फक्त काठासाठी करते आहे. यात पाचही खांब पूर्ण करायचे, सुई फासातून काढायची, पहिल्या खांबाच्या माथ्याच्या दोन्ही दोऱ्यांखालून घालायची आणि सोडलेला फास त्यातून ओढून घ्यायचा. इथे बाजू आपल्या हातात असते : सुलट बाजूच्या ओळीत सुई पुढून मागे घातली तर फुगा आपल्याकडे येतो, आणि उलट बाजूच्या ओळीत ती मागून पुढे घातली तर पलीकडे, म्हणजे पुन्हा सुलट बाजूलाच, जातो. माझे तीन पॉपकॉर्न ढिले झाले, कारण सुई काढल्यावर मोकळा फास नकळत मोठा होत होता. आता तो ओढून घेण्याआधी गुंड्याकडचा दोरा ताणून फास सुईच्या जाडीइतका करते. बॉबलपेक्षा पॉपकॉर्न अधिक उठावदार आणि कडक होतो, त्याला दोराही जास्त लागतो. डोके टेकायच्या जागी तो टोचेल असे वाटल्याने मधल्या भागात बॉबलच ठेवले आहेत.

एकसारखेपणा तपासण्यासाठी नमुना खिडकीशी आडव्या उजेडात धरते. सावल्या सारख्या लांबीच्या पडल्या नाहीत तर चुकलेला बॉबल लगेच दिसतो, आणि तो त्याच ओळीत असतानाच उसवणे सोपे जाते. धुतल्यावर नमुना पंच्यावर सुलट बाजू वर ठेवून वाळवला. इस्त्री फिरवली नाही, कारण तिच्या वजनाने फुगे दबतात.

काल संध्याकाळपर्यंत अभ्र्याच्या १८ ओळी झाल्या. अकराव्या ओळीत सुलट बाजूने विणलेला एक चुकार बॉबल आजच सापडला आहे, म्हणून त्यावरच्या सात ओळींसह ती ओळही उसवायला घेते.