आमची वाटचाल: पेटीमागे चार रुपयांचा फरक

आमचा कोरुगेटेड बॉक्सचा कारखाना इंदूरला पालद्यात. सुरुवात कशी झाली, पहिलं मशीन कुठून आणलं ते सगळं नंतर कधीतरी लिहीन, आज 2021 चंच लिहितो कारण त्या वर्षी आम्ही बंद पडायचे राहिलो आणि आता पुतण्या सेल्सला आलाय, त्याला हे माहीत असायला हवं.

त्या वर्षी पेटीच्या क्राफ्ट कागदाचा भाव कसा भडकला ते लाइनीतल्या सगळ्यांना आठवत असेल. हा कागद जिच्यापासून बनतो ती बाहेरून येणारी रद्दी कमी झाली, कंटेनरचं भाडं वाढलं, मिलवाले आज एक रेट सांगायचे आणि पुढच्या गाडीला दुसरा. आम्ही रेट वाढवले, सांगून वाढवले, प्रत्येक पार्टीला कागदाचं बिल दाखवून. आणि सांवेर रोडवरच्या एकाने, नाव घेत नाही, रेट जवळपास तिथेच ठेवला आणि आमची नमकीनची मोठी पार्टी उचलली. तिच्यापाठोपाठ आणखी दोन गेल्या. कागदवाल्याचे पैसे थकले, कॉरुगेटर एका शिफ्टवर आला, घरी विषय निघाला की शेड भाड्याने देऊन टाकू. त्याला रेट कसा परवडतोय असं मला लोक विचारायचे, जसं काही आम्हीच लुटत होतो. ते अजून टोचतं.

टिकलो ते एका शेठजींमुळे. रतलामी शेवेचं काम, माल जळगाव-नागपूरकडे जाणारा, आमच्याकडून पेटी घेणारे अगदी सुरुवातीचे गिऱ्हाईक. तेही एक दिवस म्हणाले, "भैया, तुम्हारी पेटी बयालीस की, वो अड़तीस में दे रहा है." आणि त्याची पेटी टेबलावर ठेवली. मी त्या दिवशी जे केलं तेच पुतण्याला शिकवतोय.

पहिली गोष्ट, "महाग आहे" ऐकलं की लगेच बोलायचं नाही. आमच्या पुतण्याची सवय, समोरचा महाग म्हणाला की हा तोंडातून "किती करू सांगा" काढतो. एकदा ते निघालं की आधीचा रेट खोटा होता असंच त्याने धरलं, पुढच्या ऑर्डरला तो पुन्हा तिथूनच सुरू करणार. विचारायचं एवढंच, "कशाच्या मानाने महाग, शेठजी?" आणि गप्प बसायचं. हातात दुसऱ्याची पेटी किंवा कोटेशन असेल तर आक्षेप खरा आहे. काहीच दाखवत नसेल, नुसता "थोडं बघा ना" म्हणत असेल तर ती खरेदीवाल्याची सवय आहे, तिथे शांतपणे तोच रेट परत सांगायचा आणि डिलिव्हरीची तारीख विचारायची. निम्मे तिथेच संपतात.

शेठजींकडे पेटी होती म्हणून मी त्यांच्याच गोडाऊनमधला काटा मागितला. दोन्ही पेट्या रिकाम्या, एकाच मापाच्या, पाच प्लाय. आमची 690 ग्रॅम भरली, त्याची 610. आता 42 ला 690 ग्रॅम म्हणजे किलोला 61 च्या आत, आणि 38 ला 610 म्हणजे किलोला 62 च्या वर. किलोवर बघितलं तर तोच महाग होता. हे मी सांगितलं नाही, शेठजींच्या मुनीमजींना कॅल्क्युलेटर दिला आणि आकडे त्यांनाच काढायला लावले. सेल्सवाल्याने सांगितलेला आकडा बायर विसरतो, स्वतः काढलेला विसरत नाही.

मग मी गोल कटर काढला, तो माझ्या बॅगेत कायम असतो, 100 चौरस सेंटीमीटरचा गोल कापतो, ग्रॅममधलं वजन गुणिले 100 की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम. आमचा गोल 8 ग्रॅम, त्याचा 7.1. त्याचा गोल पाण्यात भिजवला, थर सुटे झाले, वाळवून दुसऱ्या दिवशी एकेक थर तोलला. वरचा प्रिंटवाला कागद आमच्यासारखाच 140 चा, पण मधला आणि आतला 120 चा आणि फ्लूट, म्हणजे थरांमधले नागमोडी कागद, 100 चे, आमचे फ्लूट 120 चे. हात लावून कळणारच नाही, कारण हात वरच्या कागदाला लागतो. इथे एक लक्षात ठेव, वजन सगळं सांगत नाही. हलक्या प्रतीच्या रद्दीचा कागद वजनाला भरतो आणि बर्स्टिंगला फाटतो, ओली पेटी तर जास्तच भरते, म्हणून दोन्ही पेट्या एकाच जागी ठेवलेल्या असायला हव्यात आणि शंका असेल तर बीएफसाठी, म्हणजे दाबाखाली कागद फाटायला किती टिकतो त्या आकड्यासाठी, बर्स्टिंग टेस्टरच लावायचा.

तरी शेठजी म्हणाले, माल तर पोचतोय ना. बरोबर प्रश्न होता. मग मी त्यांचाच हिशोब मांडला. पेटीत 12 किलो माल, थप्पी आठची, म्हणजे खालच्या पेटीवर सात पेट्यांचे 84 किलो. उन्हाळ्यात हलकी पेटीही ते झेलते. पावसाळ्यात कागद दमट होतो, पेटीची ताकद बरीच पडते, मग कोपरे बसतात आणि आतल्या शेवेचा चुरा होतो. पेटीतला माल 2000 चा धरला तर 500 पेट्यांत एक पेटी दबली की वाचवलेले 2000 तिथेच गेले, वर डीलरचा फोन वेगळा. मी त्यांना एवढंच विचारलं की गेल्या पावसाळ्यात किती पेट्या परत आल्या. आकडा मुनीमजींच्या वहीत होता, 500 मागे एकपेक्षा जास्त होता, आणि त्या पेट्या आमच्या नव्हत्या, मधल्या काळात ट्रायल म्हणून त्याच्याकडून घेतलेल्या होत्या.

ऑर्डर 42 लाच राहिली. वर्षभरात गेलेल्या पार्ट्यांपैकी एक परत आली. नंतरची वर्षं ठीकच गेली.

पुतण्या विचारतो, दोन रुपये सोडले असते तर काय बिघडलं असतं. अरे, 42 मध्ये आपल्याला सहा सुटतात असं धर. दोन सोडले तर चार राहिले, तेवढेच पैसे कमवायला दीडपट पेट्या काढाव्या लागतील, कागद दीडपट उधारीवर घ्यावा लागेल. रेटवर दोन रुपये छोटे दिसतात, आपल्या सुटण्यातले ते एक तृतीयांश आहेत.

बायरचं बजेट खरंच 38 चं असेल तर 38 ची पेटी द्यायची, पण तीच पेटी नाही. माल इंदूरमधल्या इंदूरमध्ये जात असेल, थप्पी चारची असेल, तर हलका फ्लूट चालतो, तसं स्पष्ट लिहून द्यायचं की ही पेटी नागपूरला पाठवू नका. किंवा तीन महिन्यांची ऑर्डर एकदम दिली, पेमेंट आठ दिवसांत केलं, तर रुपया-दीड रुपया सोडता येतो, कारण तेवढे आपले खरंच वाचतात. काहीतरी घेतल्याशिवाय रुपया सोडायचा नाही. आणि दुसऱ्याची पेटी वजनाला, बीएफला सारखीच निघाली आणि तरी स्वस्त असली, तर खोटं बोलायचं नाही. कोणाला मिल जवळ पडते, कोणाचं मशीन नवं असतं. तिथे डिलिव्हरीवर बोलायचं, नाही जमलं तर ऑर्डर सोडून उठायचं, पेटी वाईट आहे म्हणून त्याची बदनामी करायची नाही. आमच्याबद्दल ती तेव्हा झाली होती, म्हणून सांगतोय.

आता आमच्या प्रत्येक कोटेशनवर रेटच्या खाली पेटीचं वजन, पाचही थरांचं जीएसएम आणि बीएफ छापलेलं असतं. पुतण्याला सांगून ठेवलंय, दुसऱ्याचं कोटेशन हातात आलं की आधी हे तीन आकडे शोध, आणि नसतील तर बायरलाच म्हण की त्याच्याकडून लिहून मागवा, मग आपण रेटवर बसू.