चंद्रकलांची आकृती: 60 अंशांची कोर जमली

आठ चंद्रांपैकी सहा झाले, आणि मुख्य म्हणजे 60 अंशांची कोर मनासारखी उतरली. मांडणी नेहमीचीच आहे: मध्यभागी पृथ्वी, उजवीकडून येणारे समांतर किरण, आणि चंद्र घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा, म्हणजे उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिल्यासारखा. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे 390 पट दूर आहे, त्यामुळे किरण समांतर काढले तरी फरक कळत नाही.

कक्षेवरच्या प्रत्येक चंद्राचा उजवा अर्धा भाग पांढरा ठेवला. जागा कोणतीही असो, अर्धा चंद्र उजळलेलाच असतो. पण एवढ्यावर थांबलं तर आकार का बदलतो ते आकृतीत दिसतच नाही. म्हणून प्रत्येक चंद्राच्या केंद्रातून दोन रेषा घेतल्या. काळी रेषा किरणांना काटकोनात, तिच्या एका बाजूला उजेड. लाल रेषा पृथ्वीकडे जाणाऱ्या रेषेला काटकोनात, तिच्या अलीकडचा अर्धा भागच आपल्याला दिसतो. जो भाग उजळलेला आहे आणि आपल्याकडे तोंड करूनही आहे, तीच त्या दिवशीची कला.

अमावास्येनंतर साधारण पाचव्या दिवशी चंद्र सूर्यापासून 60 अंशांवर येतो. आकृतीत दोन्ही रेषांमधली ही सामाईक पाचर 60 अंशांची निघते. दिसणारा अर्धगोल 180 अंशांचा, म्हणजे त्याचा एक तृतीयांश उजळलेला. तरी आकाशात चकतीचा पाव भागच उजळ दिसतो! कारण ही पाचर चंद्राच्या कडेला आहे, आणि तिथला पृष्ठभाग आपल्याला तिरका, दबलेला दिसतो.

बाहेरच्या वर्तुळातलं, पृथ्वीवरून दिसणारं चित्र काढताना हेच मोजून घेतलं. चकतीची त्रिज्या 40 मिमी. उजेड-अंधाराची सीमा म्हणजे अर्धं लंबवर्तुळ; ते केंद्रापासून 40 × cos 60°, म्हणजे 20 मिमी अंतरावरून, उजव्या बाजूने जातं. उजळ पट्टी मधोमध 20 मिमी रुंद, पूर्ण चकती 80 मिमी. 120 अंशांना तेच 20 मिमी डावीकडे गेले की पाऊण चंद्र तयार.

कोर बरोबर आहे का, हे तिच्या टोकांवरून लगेच कळतं. दोन्ही टोकं जोडणारी रेषा केंद्रातून गेलीच पाहिजे. कंपासने दोन वर्तुळं एकमेकांवर सरकवून कोर काढली तर ही रेषा केंद्र चुकवते आणि चित्र ग्रहणासारखं दिसायला लागतं. ग्रहणात खरोखरच पृथ्वीच्या सावलीची गोल कड चंद्रावर येते. कलांमध्ये त्या सावलीचा काहीच संबंध नसतो.

पौर्णिमेचा चंद्र मात्र कागदावर नेमका पृथ्वीच्या मागे येतो, आणि पाहणारा विचारणारच की मग दर महिन्याला ग्रहण का नाही. चंद्राची कक्षा सुमारे 5 अंश कललेली आहे आणि सपाट कागदावर तो कल दाखवता येत नाही. त्यासाठी खाली बाजूने पाहिलेली एक छोटी आकृती जोडणार आहे. त्यानंतर उरलेले दोन चंद्र.