आभाराची तीन मिनिटं

शाळेच्या बालसाहित्य संमेलनाची कामं वाटताना आभारप्रदर्शन माझ्याकडे आलं. प्रास्ताविक, सूत्रसंचालन, पाहुण्यांचा परिचय ही कामं आधीच उचलली गेली होती. आभार कोणी मागून घेत नाही, कारण पत्रिकेत त्यानंतर फक्त पसायदान असतं. तोवर मुलं चपला शोधायला लागलेली असतात आणि पाहुण्यांचा ड्रायव्हर गेटपाशी गाडी वळवत असतो.

आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी नावांची यादी हातात दिली. चांगली दोन पानं भरून. व्यासपीठावरचे मान्यवर, शाळा व्यवस्थापन समिती, देणगीदार, मंडपवाले, सगळा शिक्षकवृंद. ती नुसती वाचायची म्हटली तरी सहा-सात मिनिटं गेली असती, आणि मला तीन मिनिटांत आटपायचं होतं. माझ्या बोलण्याच्या वेगाने तीन मिनिटांत जेमतेम तीनशे शब्द बसतात. म्हणून सरांशी बोलून ठरवलं की देणगीदारांची नावं प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर ठळक लिहायची आणि भाषणात त्यांचा उल्लेख एका वाक्यात एकत्र करायचा. यादीतली पदं मात्र एकेक करून तपासून घेतली. केंद्रप्रमुखांना विस्तार अधिकारी म्हटलं, तर बाकीचं भाषण कितीही गोड असो, लक्षात तेवढंच राहतं.

मग कागदावर क्रम लिहिला: पाहुणे, गावकरी, शिक्षक, पडद्यामागची माणसं, शेवटी मुलं. प्रत्येकापुढे दोन ओळी कोऱ्या सोडल्या. 'अमूल्य वेळ काढून उपस्थित राहिल्याबद्दल' हे आदल्या दिवशीही लिहिता येतं, म्हणूनच ते कोणाच्या कानात शिरत नाही. त्या माणसाने आज इथे काय केलं, हे सांगायचं तर ते आधी घडायला हवं. म्हणून संमेलनभर मी मंडपाच्या कडेला उभी राहून त्या ओळी भरत होते.

एका ओळीने मला अडवलं. कविकट्ट्यावर सहावीतली एक मुलगी स्वतःची कविता म्हणताना मध्येच थांबली, आणि मागून तिच्या वर्गाने पुढची ओळ म्हटली. ते सांगायचा मोह होत होता, पण अडखळली ती होती आणि पुन्हा सगळ्यांसमोर आठवण काढणार होते मी. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत तिलाच विचारलं. म्हणाली, "सांगा बाई, पण माझं नाव नका घेऊ."

शेवटी बोलले ते साधारण असं:

"संमेलनाध्यक्ष मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आणि अजूनही जागेवर बसलेल्या माझ्या मुलांनो,

मॅडम, तुमच्यासाठी खुर्ची मांडली होती. तुम्ही सतरंजीवर बसलात आणि गोष्टीचा शेवट मुलांना करायला सांगितलात. आमच्या सातवीने त्या म्हाताऱ्याला कितीदा मारलं आणि कितीदा जिवंत केलं, तुम्ही प्रत्येक शेवट ऐकून घेतलात. मनापासून आभार.

सरपंच साहेब, सकाळी दिंडीच्या वाटेवर तुम्ही पाणी मारून घेतलंत, म्हणून पालखीतली पुस्तकं धुळीवाचून शाळेत पोचली. ज्यांची नावं दारातल्या फलकावर आहेत, त्या सर्व देणगीदारांचे आणि व्यवस्थापन समितीचे आम्ही आभारी आहोत.

चित्रकलेच्या सरांनी हस्तलिखिताचं मुखपृष्ठ मुलांकडूनच करून घेतलं, स्वतः ब्रश उचलला नाही. हे किती कठीण असतं ते इथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. मुख्याध्यापक सर, आमच्या प्रत्येक मागणीला तुम्ही आधी 'बघू' म्हणालात आणि मग ते केलंतही. शिपाई मामा आणि खिचडी रांधणाऱ्या मावशी, तुम्ही आमच्या सगळ्यांच्या आधी आलात आणि सगळ्यांच्या नंतर जाणार आहात.

आणि सहावी ब. तुमची मैत्रीण अडली तेव्हा तुमच्यातलं कोणी हसलं नाही. तिची कविता अख्ख्या वर्गाला पाठ होती. आज याहून मोठी दाद कोणत्या कवीला मिळाली? तुमचे आभार, मुलांनो. आता पसायदानासाठी उभे राहूया."

'मावशी' शब्दाला टाळ्या पडल्या, तेव्हा मी थांबले. त्या दोघी पातेली घासायला मागच्या नळावर होत्या, त्यामुळे मुलंच त्यांना हाका मारायला धावली. त्यात अर्धं मिनिट गेलं आणि पुढचं वाक्य मला जरा मोठ्या आवाजात घ्यावं लागलं.

मंडपवाल्याचं नाव भाषणात बसलं नव्हतं. त्याचा हिशेब चुकता करताना सरांनी त्याला शाळेच्या शिक्क्याचं आभारपत्र दिलं. तसंच पत्र अध्यक्ष मॅडमना पाठवलं, सोबत सातवीने लिहून काढलेले गोष्टीचे सगळे शेवट.