दोनशे चाळीस रुपयांचा फरक

३ मार्च, मंगळवार. नाशिक.

आज आमच्या महाविद्यालयातल्या मंडळाच्या बैठकीत हिशेब मांडला. बोलले जेमतेम चार मिनिटं, पण काल रात्री दोन वाजेपर्यंत जागी होते, ते लिहून ठेवते.

मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम २७ फेब्रुवारीला झाला. परवा मी खर्चाच्या शीटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. खाली ठळक अक्षरांत शिल्लक दिसत होती ४,६०० रुपये. लगेच दोघातिघांनी सुचवलं की यातून वार्षिक अंकाच्या छपाईला आगाऊ रक्कम देऊन टाकूया. म्हणून काल पेटीतली रोकड मोजली, खात्यावरची रक्कम पाहिली. रोख १,१६० आणि खात्यात ३,२००, मिळून ४,३६०. म्हणजे २४० कमी.

खरं सांगायचं तर मोह झाला. रिक्षा, चहा, सुटे पैसे असं काहीतरी असेल, 'किरकोळ खर्च २४०' अशी एक ओळ घातली की जुळलंच. पण मला एकही किरकोळ खर्च आठवेना. जो आठवत नाही तो लिहायचा कसा?

मग तोच स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. रकमांच्या रकान्यात सगळे आकडे उजव्या कडेला टेकलेले, एकच डावीकडे: बॅनरचे '1200/-'. पावतीवर लिहितो तसं मी ते टाइप केलं होतं. त्या '/-' मुळे शीटला तो आकडा वाटलाच नाही, मजकूर वाटला, आणि बेरजेने तो गुपचूप वगळला. खात्री करायला रिकाम्या चौकटीत हे लिहिलं:

```
=COUNT(C2:C8)
```

ओळी सात, उत्तर आलं ६. स्क्रीनशॉटमध्ये फक्त उत्तर दिसतं, ते कुठल्या सूत्रातून आलं हे दिसत नाही. ग्रुपवरच्या कुणालाही हे कळणं अवघड होतं.

'/-' काढल्यावर शिल्लक ३,४०० झाली. आता उलटंच कोडं, हातात ९६० जास्त! फुलं, शाल, श्रीफळ यांचा खर्च बरोबर ९६०. पावती होती, शीटमध्ये नोंदही होती, पण पैसे आमच्या खात्यातून गेलेच नव्हते. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने दुकानात स्वतःच्या मोबाइलवरून दिले होते आणि संकोचाने मागितले नव्हते. म्हणजे एक चूक १,२०० ची, दुसरी बाजू ९६० ची, आणि एकमेकींना खात खात वर उरले होते फक्त २४०. ती 'किरकोळ' ओळ घातली असती तर तिचे पैसे कायमचे बुडाले असते, या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो.

बैठकीत नवा स्क्रीनशॉट पडद्यावर लावला आणि असं बोलले:

"सर, मॅडम, मित्रांनो, परवा पाठवलेली ४,६०० ही शिल्लक चुकीची होती, चूक माझी. बॅनरचे १,२०० बेरजेत आले नव्हते. खरी शिल्लक ३,४००. कार्यक्रमाआधी आपल्याकडे ४,३५० होते. महाविद्यालयाच्या अनुदानापैकी ६,०००, ११२ जणांच्या नोंदणीचे ५,६०० आणि पुस्तकांच्या स्टॉलचे २,००० असे १३,६०० जमा झाले. गेले १४,५५०. त्यातले १,००० मात्र खर्च नाहीत, ती साउंडवाल्याकडची अनामत आहे, परत येईल. अनुदानाचे उरलेले ४,००० बिलं सादर केल्यावर मिळतील. हे पाच हजार आले की शिल्लक ८,४०० होईल. पण आज ते आपल्या हातात नाहीत, म्हणून अंकासाठी आगाऊ रक्कम आज देऊ नये असं माझं मत आहे."

एकाने विचारलं, "म्हणजे कार्यक्रम तोट्यात गेला का?" प्रश्न रास्तच होता, कारण ४,३५० चे ३,४०० झालेले सगळ्यांना दिसत होते. मी सांगितलं, खरा खर्च १३,५५०, आणि अनुदान पूर्ण धरलं तर जमा १७,६००. कार्यक्रमातून ४,०५० उरतात, फक्त त्यातले चार हजार अजून यायचे आहेत. हातातले पैसे आणि कार्यक्रमाचा नफा-तोटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला स्वतःलाही काल रात्रीच नीट उमगलं. मॅडमनी बिलांचा गठ्ठा उद्याच कार्यालयात द्यायला सांगितला. अंकाचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

बैठक संपल्यावर त्या मुलीला व्हरांड्यात गाठून ९६० रुपये दिले आणि वहीत सही घेतली. "ताई, राहू द्या ना, तेवढं चालतं," म्हणत होती. मी ऐकलं नाही. शीटमध्ये आता 'पैसे कोणी दिले' आणि 'परत केले का' असे दोन रकाने वाढवलेत.

पेटीत २०० उरले, खात्यात ३,२००.