पेनंट आणि अकरा वाजताचा ब्रेकआउट

बेळगावातल्या आमच्या शेअरवाल्या ग्रुपवर सकाळी अकराला ‘ब्रेकआउट!’, म्हणजे अडकलेला भाव रेषेबाहेर पडला, असा मेसेज पडतो, त्याचा मला अजून राग येतो. बाजार साडेतीनला बंद होतो. तोवर दिवसाचा व्हॉल्यूम किती होणार, हे अकराला कुणाला कळतं?

गेल्या वर्षी एक शेअर 200 वरून थेट 240 वर गेला. रोज सरासरी 4 लाख शेअर्सची उलाढाल व्हायची, ती चढताना 15 लाखांवर गेली. हा झाला पोल. मग भाव अडकला. वरची टोकं खाली यायला लागली, खालची 229, 231, 232 अशी वर सरकली. ही टोकं जोडणाऱ्या वरच्या-खालच्या दोन्ही रेषा एकमेकींकडे झुकल्या, म्हणजे पेनंट. त्या समांतर राहून उताराला लागल्या असत्या, तर फ्लॅग म्हटलं असतं.

खरी परीक्षा इथे होती. व्हॉल्यूम 9 लाख, मग 6, मग 3. खानापूरचा मित्र रोज विचारायचा, “अण्णा, यातला दम गेला की हो, याचा नाद सोडूया काय?” मी सांगायचो, “थांब की रे, आटू दे.” नफा काढणारे काढून मोकळे झाले, बाकीचे विकायला तयार नाहीत, म्हणून उलाढाल आटते. भाव उतरताना व्हॉल्यूम वाढला असता, तर मात्र मी तो लगेच यादीतून काढला असता. तिथे कुणीतरी मोठा माल उतरवत असतो. एखाद्याच दिवशी व्हॉल्यूम उसळला, तर आधी ब्लॉक डील, म्हणजे दोन मोठ्या पार्ट्यांत एकरकमी सौदा, झालं का ते पाहावं.

अशातच तो अकराचा मेसेज आला. वरची रेषा साधारण 235 वर होती, भाव 238. मित्राचा फोन, “आता तरी घेऊया की!” मी नाही म्हटलं. दिवसअखेर भाव 234, व्हॉल्यूम जेमतेम 3 लाख. रेषेच्या आतच परत. मला फार बरं वाटलं.

दोन सत्रांनी 241 वर बंद झाला, व्हॉल्यूम 12 लाख. तेव्हा शेवटच्या तासात घेतला, स्टॉपलॉस 231 च्या खाली. पोलची उंची 40, ती 235 मध्ये मिळवली की 275 चं लक्ष्य. भाव 271 पर्यंत गेला आणि वळला. अर्धे मी 265 लाच काढले होते. मोजलेलं लक्ष्य गाठलं जाईलच असं नसतं.

आणखी एक. पेनंट आणि फ्लॅग साधारण तीन आठवड्यांत सुटायला हवेत. ट्रँगल, म्हणजे अशाच जवळ येणाऱ्या रेषांचा मोठा आकार, महिना-दोन महिने घेतो, पण सुरुवातीपासून रेषा मिळतात तिथवरची त्याची रुंदी अर्धी ते पाऊण संपेपर्यंत भाव बाहेर पडावा. रेषा मिळतात त्या टोकापर्यंत रेंगाळला, तर त्या ब्रेकआउटमध्ये जोर राहत नाही. तसला मी यादीतून काढून टाकतो.