उंचीनुसार बसा

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर बहुतेकांना शिक्षक आठवतात, संमेलन आठवतं, निकालाचा दिवस आठवतो. मला आधी आठवते ती माझी जागा. भिंतीकडची रांग, शेवटचं बाक. वर्ष बदललं, खोली बदलली, तरी जागा तीच. कारण अगदी साधं होतं: मी उंच होते. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी आम्हांला बाहेर उंचीनुसार उभं करायचे आणि त्याच क्रमाने आत बसवायचे. फळा सगळ्यांना दिसावा, एवढाच त्यामागचा हेतू. त्यात कुणाचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्या जागेने मला जे शिकवलं, ते कुठल्याच विषयाच्या पुस्तकात नव्हतं.

पुढे मी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम धरलं आणि दुसऱ्यांच्या वर्गांत मागे बसून निरीक्षण करायला लागले (पुन्हा शेवटचं बाक!). तिथे या गोष्टीला नाव असल्याचं कळलं: छुपा अभ्यासक्रम. हा शब्दप्रयोग रूढ केला तो अमेरिकेतल्या फिलिप जॅक्सन यांनी, 1968 साली. प्राथमिक शाळेतल्या वर्गांत दीर्घकाळ बसून त्यांनी नोंदवलं, की मूल शाळेत विषयांच्या बरोबरीने तीन गोष्टींशी जमवून घ्यायला शिकतं: गर्दी, शाबासकी आणि सत्ता. गर्दी म्हणजे थांबणं. हात वर करून थांबायचं, रांगेत थांबायचं, वही तपासून मिळेपर्यंत थांबायचं, आणि मध्येच घंटा झाली की चालू काम तिथेच सोडून द्यायचं. हे सगळं आम्ही बिनबोभाट शिकलो. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलेलं आहे. मला बोलायचं आहे ते जागेबद्दल आणि शाबासकीबद्दल, कारण या दोन गोष्टी एकमेकींना धरून चालतात.

निरीक्षणाची एक सोपी रीत आहे. कागदावर वर्गाचा नकाशा काढायचा, प्रत्येक मुलासाठी एक चौकोन. शिक्षकाने नाव घेऊन किंवा बोट दाखवून प्रश्न विचारला की त्या चौकोनात गोल. हात वर होता पण संधी मिळाली नाही, तर आडवी रेघ. उत्तरावर कौतुक झालं तर फुली. बाकी काही लिहायचं नाही, मत तर अजिबात नाही.

गणिताचा एक तास सांगते. पाच रांगा, प्रत्येक रांगेत चार बाकं, बाकावर दोघं, म्हणजे चाळीस मुलं. विषय होता अपूर्णांकांची तुलना, तीन चतुर्थांश मोठा की दोन तृतीयांश. शिक्षिका चांगल्या होत्या, तयारी करून आलेल्या होत्या, आवाजही सगळीकडे पोचत होता. तास संपल्यावर नकाशा पाहिला, तर गोल मधल्या रांगेत वरपासून खालपर्यंत, आणि पहिल्या ओळीत दोन्ही बाजूंना थोडेसे. कोपऱ्यांतले मागचे चौकोन कोरे. आडव्या रेघासुद्धा तिथे जवळजवळ नव्हत्या. म्हणजे त्या मुलांनी हात वर करणंच सोडलं होतं. बाई म्हणाल्या, "पण मी तर सगळ्यांना विचारलं." आणि ते खरंच होतं. प्रश्न त्यांनी सगळ्या वर्गाला विचारला होता. उत्तर मात्र नजर जिथे पडते तिथूनच आलं.

हा काही त्या एका बाईंचा दोष नाही. रेमंड अ‍ॅडम्स आणि ब्रूस बिडल यांनी वर्गांचं चित्रीकरण करून 1970 मध्ये हेच मांडलं: शिक्षक फळ्याजवळ उभा असतो आणि त्याचा बहुतेक संवाद पुढच्या ओळीत आणि मध्यावरून मागे जाणाऱ्या पट्ट्यात होतो. खडू हातात घेऊन वळलं की समोर जे दिसतं, तेच 'वर्ग' होऊन बसतं. त्या पट्ट्यातली मुलं मान डोलावतात. डोलणारी मान पाहून शिक्षक समजतो, की कळलं आहे, आणि पुढे सरकतो. म्हणजे अख्ख्या तासाची गती त्या आठ-दहा माना ठरवतात. कोपऱ्यातल्या मुलीला तिसरी पायरी कळली नाही हे कुणालाच समजत नाही. मग ती मुलगी एक गोष्ट नक्की शिकते: आपल्याकडे कुणी पाहत नाही, तेव्हा गप्प बसलं तर चालतं. मी हे इतकं छान शिकले होते, की उत्तर येत असलं तरी पेन उघडून काहीतरी लिहीत असल्याचा आव आणायची.

इथे एक रास्त शंका निघते. पुढे बसणारी मुलं मुळातच उत्साही असतात, म्हणून तीच जास्त बोलत असतील. जिथे मुलं आपली जागा आपणच निवडतात, तिथे ही शंका खोडणं फार अवघड आहे. आमच्या वर्गाची गंमत अशी, की जागा उंचीवरून ठरत होती, आणि उंचीचा भागाकाराशी काय संबंध? तरीही पुढच्या बाकांवरची 'हुशार' आणि मागची 'बरी' ही विभागणी वर्षाअखेर झालेलीच असायची. फार दिवस मी हा बिनतोड पुरावा समजत होते. मग एकदा लक्षात आलं, की त्याच इयत्तेत दुसऱ्यांदा बसलेली मुलं वयाने मोठी, म्हणून उंच, म्हणून मागे. शेवटच्या बाकांवर नापास झालेली मुलं आपोआप जमायची आणि त्या बाकांची ख्याती त्यांच्याबरोबर यायची. त्यामुळे नुसत्या उंचीच्या नियमानेही वर्ग बरोबर दोन भागांत पडत असे.

जागा जेव्हा उंचीवरून न देता अंदाजाने दिली जाते, तेव्हा काय होतं हे रे रिस्ट यांनी दाखवलं. अमेरिकेतल्या एका बालवर्गात त्यांनी पाहिलं, की आठव्या दिवशी शिक्षिकेने मुलांना तीन टेबलांवर कायमचं बसवून टाकलं. तोवर एकही चाचणी झालेली नव्हती. हाताशी होती ती प्रवेशाच्या वेळची कौटुंबिक माहिती, कपडे, बोलण्याची ढब. पहिलं टेबल बाईंच्या सगळ्यांत जवळ. वर्षभर शिकवणं त्या टेबलाकडे वळलेलं राहिलं. पुढच्या वर्षी पहिलीच्या बाईंनी पुन्हा गट पाडले तेव्हा त्यांच्यापाशी कागदोपत्री आधार होता, आधीच्या वर्षीची प्रगती. बालवर्गात दुसऱ्या-तिसऱ्या टेबलावर बसलेलं एकही मूल वरच्या गटात आलं नाही. हे 1970 मध्ये प्रसिद्ध झालं. आठव्या दिवसाचा अंदाज दुसऱ्या वर्षी नोंद होऊन पुढे आला, ही त्यातली खरी मेख आहे.

आमच्या शाळेत हे कोडं एका बाईंनी आपल्यापुरतं सोडवलं होतं. त्यांनी दर आठवड्याला वर्ग फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक रांग एक घर उजवीकडे, प्रत्येक बाक एक घर मागे, शेवटचं बाक पहिलं. चष्मेवाल्यांना तेवढी सूट. इतर शिक्षक कुरकुरले, कारण त्यांना मुलांची नावं जागेवरून आठवायची. पहिल्यांदा मी पुढच्या बाकावर आले तेव्हा काहीच घडलं नाही. जागा बदलली तरी सवय माझ्याबरोबर पुढे आली होती. मी मान खाली घालून बसले आणि बाईंनीही मला छेडलं नाही.

फरक पडला तो दुसऱ्या गोष्टीने. बाई फळ्याजवळून हलल्या. प्रश्न विचारला की त्या चालत मागे जायच्या आणि उत्तर मागूनच घ्यायच्या. रांगा फिरवून शिक्षक जागचा हलला नाही, तर कोपरे तसेच राहतात. त्यांत बसणारी मुलं तेवढी बदलतात. हे आज मी प्रशिक्षणात सांगते. तेव्हा एवढंच कळलं, की आता पेन उघडून भागणार नाही.

आणि त्या थांबायच्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतो आणि मग दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच उत्तर देतो, असं मेरी बड रो यांना वर्गांतली ध्वनिमुद्रणं मोजताना आढळलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. त्यांचं दुसरं निरीक्षण मला जास्त बोचतं: शिक्षक ज्यांना हुशार समजतात त्यांच्यासाठी जास्त वेळ थांबतात. म्हणजे ज्याला वेळ हवा त्यालाच तो कमी मिळतो. वर कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांना शाबासकी जास्त मिळते, पण ती नेमकी कशासाठी हे त्यांना उमजत नाही.

ही सढळ शाबासकी मोठी फसवी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ वुल्फ-उवे मायर यांनी दाखवून दिलं, की सोप्या प्रश्नाच्या उत्तराला एका मुलाचं भरभरून कौतुक केलं आणि दुसऱ्याला नुसतं "बरोबर" म्हटलं, तर पाहणारे दुसऱ्याला जास्त हुशार समजतात. अगदी लहान मुलांना हा हिशेब जमत नाही. कौतुक झालं तो हुशार, इतकंच त्यांना कळतं. अकरा-बारा वर्षांची मुलं मात्र तो चोख करतात. आमच्या वर्गात एका मागच्या मुलाने सात आणि आठची बेरीज सांगितली आणि शिक्षक "वा, शाब्बास!" म्हणाले, तेव्हा वर्ग हसला. शिक्षकांना हसण्याचं कारण कळलं नाही. त्या मुलाला कळलं होतं.

बाईंची दाद वेगळी असायची. त्या "हुशार आहेस" म्हणत नसत. "तू छेद आधी समान केलेस, म्हणून पुढे सोपं गेलं," असं म्हणायच्या. चुकलं तरी आवाज तोच: "दुसऱ्या ओळीपर्यंत बरोबर आहे, तिथून पुन्हा बघ." पुढच्या बाकावरच्या आणि माझ्यासारख्या मागच्या मुलीला त्या एकाच मापाने बोलत. त्यामुळे कुणाचं कौतुक झालं यावरून कोण कुठल्या पायरीवर आहे, हे ताडता येत नसे.

एक बाजू मात्र मला बरीच उशिरा कळली. माझी एक मैत्रीण बुटकी, म्हणून कायम पहिल्या बाकावर. तिला मी नशीबवान समजत होते. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, "तुला काय माहीत! मला जांभईसुद्धा देता यायची नाही. सारखं कळल्यासारखं तोंड करून बसायचे." मान डोलावणाऱ्यांतली ती एक होती, आणि तिच्या डोलण्यावर तास पुढे जात होता. तिलाही ती तिसरी पायरी कळलेली नसायची.