विहिरीचं पाणी, ॲसिडाची बाटली आणि न येणारा विटकरी रंग

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीच्या पाण्याची चव यंदा जास्तच मचूळ लागायला लागली, म्हणून क्लोराइड तपासायचं ठरवलं. एका प्रयोगशाळेनं बाटली दिली, भरून आणा म्हणाले. भरून दिली. नंतर तीन चकरा झाल्या आणि दर वेळी एकच उत्तर मिळालं, 'पुढच्या आठवड्यात या'. शेवटी त्याच प्रकारच्या दुसऱ्या बाटलीत पाणी भरलं आणि मी जिथे केमिस्ट्री शिकवतो त्या कॉलेजात स्वतःच टायट्रेशनला बसलो.

पद्धत जुनीच, मोहर यांची. २५ मिली पाणी शंकूपात्रात घेऊन डिस्टिल्ड पाण्यानं १०० मिली करायचं, ५ टक्के पोटॅशियम क्रोमेटचं १ मिली टाकायचं आणि ब्युरेटमधून ०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. चांदी आधी क्लोराइडला धरते, पांढरा गढूळपणा येतो. क्लोराइड जवळजवळ संपलं की चांदी क्रोमेटला धरते आणि पिवळ्यावर विटकरी झाक येते. तिथे थांबायचं.

माझ्याकडे ती झाक येईचना. ३० मिली झाले, ३५ झाले, ४० झाले, तरी पात्रात नुसतं नारिंगी गढूळ पाणी. सिल्व्हर नायट्रेट किती महाग असतं ते कॉलेजात स्टॉक सांभाळणाऱ्याला विचारा. द्रावण कमजोर झालं असेल म्हणून मिठाच्या प्रमाणित द्रावणावर तपासलं, तर तिथे रंग अगदी वेळेवर आला. म्हणजे दोष पाण्यातच होता.

खूण पहिल्याच मिनिटाला समोर होती, मी पाहिली नव्हती. क्रोमेट टाकल्यावर पाणी लिंबासारखं पिवळं दिसायला हवं. माझं नारिंगी दिसत होतं. पीएच पट्टी बुडवली तर लालभडक, २ च्या आसपास. प्रयोगशाळेत फोन लावला, तर तिकडचा माणूस सहज म्हणाला, "भाऊ, त्या बाटलीत नायट्रिक ॲसिडाचे थेंब असतेतच ना, लोखंड तपासाले." बाटलीवर एक चिठ्ठी चिकटवली असती तर माझी दुपार वाचली असती. अजून राग जात नाही.

ॲसिडात होतं असं, की क्रोमेटचं हायड्रोजन क्रोमेट आणि डायक्रोमेट होतं, म्हणून तो नारिंगी रंग. चांदीला जोडी करायला क्रोमेट फारच थोडं उरतं. विटकरी रंग यायला मग कितीतरी जास्त चांदी पाण्यात साचावी लागते, आणि आपण ती सगळी क्लोराइडच्या खात्यावर लिहितो. आकडा फुगतो.

उपाय म्हणून आधी कॉस्टिक सोडा टाकला आणि घाईत जास्त पडला. पहिल्याच थेंबांना तपकिरी गाळ, कारण पीएच १० च्या वर गेलं की चांदीचं ऑक्साइड खाली बसतं. इथेही चांदी वाया जाते. मग नवं २५ मिली घेतलं, क्रोमेट टाकलं आणि लॅबमधला शुद्ध सोडियम बायकार्बोनेट चिमटीचिमटीनं सोडला. फेस आला, आणि नारिंगी पाणी डोळ्यांदेखत लिंबाच्या रंगावर आलं. पट्टी ८ च्या जवळ. बायकार्बोनेट थोडा जास्त पडला तरी पीएच फार वर चढत नाही, म्हणून नवख्यानं तोच वापरावा.

आता २८.६ मिलीवर रंग आला. पुन्हा केलं, २८.६.

ब्लँक विसरू नका. क्लोराइड शून्य असलं तरी डोळ्याला रंग दिसेपर्यंत थोडी चांदी लागतेच, ती वजा करायची असते. आधी मी घाईत गावातल्या आरओचं पाणी घेतलं, तर ब्लँकच २.१ मिली! त्या पाण्यात स्वतःचं क्लोराइड होतं. डिस्टिल्ड पाण्यावर, तीच चिमूट बायकार्बोनेट टाकून, ०.३ आलं. ब्लँकमध्ये पांढरा गाळ नसतो, त्यामुळे रंगाची तुलना चुकते. थोडी क्लोराइड नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पूड टाकली की दोन्ही पात्रं सारखी दिसतात.

हिशोब असा: २८.३ गुणिले ०.०१४१ गुणिले ३५४५०, भागिले २५. लिटरला ५६६ मिलिग्रॅम. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी २५० ही स्वीकार्य मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालतं. म्हणजे आमचं पाणी मधल्या पट्ट्यात. आईला सांगितलं, प्यायला नळाचंच भर, विहिरीचं भांड्यांना ठेव.

हो, राहिलं. क्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक असतं, हातमोजे घाला, आणि उरलेलं पाणी मोरीत ओतू नका, वेगळ्या बरणीत जमा करा. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत ठेवा. बोटांवर पडलं तर काळे डाग कित्येक दिवस जात नाहीत, माझे अजून आहेत.

प्रयोगशाळेचा अहवाल मात्र आजपर्यंत आलेला नाही.